चालताना सुरेख दिसणारी फ्रेम थंबनेलवर आली की फरकटते, त्याचं काय करायचं?

व्हिडिओ पूर्ण झालेला असतो आणि तो तुम्ही दहा वेळा पाहिलेला असतो. त्यातला एक क्षण असा असतो की तोच थंबनेलवर जाणार हे मनात पक्कं होऊन बसतं. तिथे व्हिडिओ थांबवून फ्रेम काढली की मात्र हात धुरकट दिसतो, चेहऱ्यावर अर्धवट मिटलेले डोळे असतात आणि रंग पाण्यात कालवल्यासारखे फिकट पडलेले असतात. मग शार्पनेस वाढवा, कॉन्ट्रास्ट ताणा, मोठी अक्षरं टाकून डाग झाका, अशी धडपड सुरू होते. पुढच्या व्हिडिओला पुन्हा तेच.

दुरुस्ती सुरू करण्याआधी दोष कुठला ते ओळखावं लागतं, कारण या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळे दोष लपलेले असतात. हालचालीमुळे आलेला धूसरपणा, चुकीच्या जागेवरून काढलेली फ्रेम आणि रंगांची चुकीची उलगड. तिघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. शार्पनिंग तर तिघांपैकी एकालाही पुरेसं नाही.

उदाहरण म्हणून माझाच एक व्हिडिओ घेतो. सायकलच्या ट्यूबमधलं पंक्चर शोधून ठिगळ लावण्याचा. लांबी 8 मिनिटं 40 सेकंद, आकार 1920×1080, सेकंदाला 25 फ्रेम्स, चित्रण फोनवर. थंबनेलसाठी माझी पहिली निवड होती 2:05 चा क्षण, लिव्हरचा झटका बसून टायर रिममधून उसळतो तो. चालताना तो क्षण फार जोरकस वाटतो. थांबवला की लिव्हर म्हणजे नुसता लाल पट्टा आणि बोटं म्हणजे पीठ.

फ्रेम आणली कुठून?

सगळ्यात आधी हे तपासा, कारण हा दोष सुधारायला सर्वांत सोपा. प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेतला असेल तर तुमच्या हातात व्हिडिओची फ्रेम नाही, खिडकीचा फोटो आहे. खिडकी 1100 पिक्सेल रुंद असेल तर चित्रही तेवढंच मिळतं आणि थंबनेलच्या 1280×720 मापाला ते ताणावं लागतं. अपलोड झालेल्या व्हिडिओवरून स्क्रीनशॉट घेतला असेल तर आणखी वाईट, कारण तो दोनदा दाबलेला असतो. एकदा तुमच्या एक्स्पोर्टमध्ये आणि एकदा साइटवर.

फ्रेम एडिटरच्या टाइमलाइनवरूनच काढावी. प्रीमियरमध्ये प्रिव्ह्यूखालचं कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, रिझॉल्व्हच्या Color पानावर व्ह्यूअरवर राइट क्लिक करून Grab Still घेता येतं. टाइमलाइनवरून काढण्याचा दुसरा फायदा असा की खालची नावाची पट्टी, कोपऱ्यातला लोगो, सबटायटल हे सगळे ट्रॅक क्षणभर बंद करता येतात. तयार व्हिडिओत ते चित्रात भाजून गेलेले असतात, मग पुसत बसावं लागतं. प्रोजेक्ट फाइल हरवली असेल तर अपलोडसाठी बनवलेली मूळ एक्स्पोर्ट फाइल घ्या. ffmpeg या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रामने तिच्यातून पूर्ण मापाची फ्रेम PNG म्हणून अशी काढता येते, -ss पुढे हव्या त्या क्षणाची वेळ घालून:

```
ffmpeg -ss 00:03:12.400 -i final.mp4 -frames:v 1 frame.png
```

आणखी एक सापळा ट्रान्झिशनचा. डिझॉल्व्हच्या मधल्या फ्रेममध्ये दोन चित्रं एकमेकांवर असतात. चालताना डोळ्याला ते जाणवत नाही, थंबनेलवर मात्र माणसाच्या गालातून चाक उगवलेलं दिसतं. कट किंवा डिझॉल्व्हच्या आसपासचा अर्धा सेकंद फ्रेम शोधायला वापरूच नका.

हालचाल: फरकटलेल्या फ्रेमचा हिशेब

मूळ फाइलमधून पूर्ण मापाची फ्रेम काढली आणि पार्श्वभूमी स्पष्ट असून फक्त हलणारी वस्तूच धूसर आहे, तर दोष शटरचा आहे. सगळंच चित्र सारखं मऊ असेल तर फोकस चुकला असेल किंवा कॅमेरा हलला असेल.

सेकंदाला 25 फ्रेम्सना 1/50 सेकंदाचा शटर हा नेहमीचा हिशेब आहे. समजा हात एका सेकंदात चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, म्हणजे 1920 पिक्सेल. मग 1/50 सेकंदात तो 38 पिक्सेल सरकतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये तेवढाच लांबट डाग पडतो. घरातल्या मंद उजेडात फोन आपोआप शटर आणखी उघडा ठेवतो, 1/25 पर्यंत, की डाग दुप्पट. चालत्या व्हिडिओत हाच डाग हालचाल सलग भासवतो, म्हणून तो दोष वाटत नाही. शार्पनिंगने तो जात नाही, कारण बोटाची कड त्या फ्रेममध्ये नोंदलीच गेलेली नसते. उलट डागालाच कडा येतात आणि तो जास्त खुपतो.

म्हणून हालचालीच्या ऐन भरात फ्रेम शोधू नका, तिच्या दोन्ही टोकांना शोधा. हातोडी वर जाऊन खाली यायच्या आधी क्षणभर थांबते, उडी मारणारा सर्वांत उंच बिंदूला जवळजवळ स्थिर असतो, बोलणारा माणूस वाक्य संपवून समोर पाहतो तेव्हा चेहरा ठरतो. असे क्षण दोन-तीन फ्रेम्सचेच असतात, म्हणजे सेकंदाच्या आठव्या-बाराव्या हिश्शाचे. माउसने टाइमलाइन ओढून ते सापडत नाहीत. बाणाच्या की वापरून एकेक फ्रेम पुढे-मागे जावं लागतं.

मी तर हवा तो चार सेकंदांचा तुकडा सरळ फ्रेम्समध्ये उलगडतो. 25 चौक शंभर, शंभर चित्रं:

```
ffmpeg -ss 00:03:10 -t 4 -i final.mp4 f_%03d.png
```

शंभर चित्रं डोळ्यांनी चाळण्याआधी फोल्डर फाइलच्या आकारानुसार लावा, मोठी फाइल वर. एकाच शॉटमधल्या चित्रांत ज्यात बारीक तपशील जास्त त्याची PNG मोठी होते, आणि धूसर चित्र कमी जागेत मावतं. त्यामुळे ठळक फ्रेम्स आपोआप वर येतात आणि वरच्या दहा-बारा पाहिल्या की काम होतं. ही युक्ती फक्त एकाच शॉटमध्ये चालते. वेगवेगळे शॉट एकत्र केलेत तर पानाफुलांचा शॉट कायम वर राहील, कारण तिथे मुळातच तपशील जास्त.

पंक्चरच्या व्हिडिओत 2:05 चा टायर मी सोडून दिला. त्या झटक्याच्या दोन्ही टोकांना सांगण्यासारखं काही नव्हतं. आधी नुसतं चाक, नंतर लोंबणारा टायर. 3:12 ला मात्र हवा भरलेली ट्यूब टबातल्या पाण्यात दाबून धरली आहे, हात स्थिर आहे आणि ट्यूबच्या एका बिंदूतून बुडबुड्यांची माळ वर येते आहे. व्हिडिओ कशाचा आहे ते या एका चित्रात कळतं आणि पुढे काय होणार याची ओढही लागते. बुडबुडेही हलतात हे खरं, पण लहान असल्यामुळे ते मण्यांसारखे दिसत राहतात. वरच्या दहांतली चौथी फ्रेम मी घेतली. तीत माळ पृष्ठभागापर्यंत पोचलेली होती आणि बोटाची सावली भोकावर नव्हती.

रंग पाणचट झाले, की बदलले?

हा दोष सर्वांत फसवा. फ्रेम ठळक आहे, पण व्हिडिओशेजारी ठेवली की काहीतरी वेगळं वाटतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. काढलेली PNG परत एडिटरमध्ये आणा, टाइमलाइनवर बरोबर त्याच फ्रेमच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि तिचा ब्लेंड मोड Difference करा. दोन्ही चित्रं तंतोतंत एक असतील तर पडदा पूर्ण काळा होतो. काळा झाला नाही तर जे उरतं त्यावरूनच दोष कळतो.

गडद आणि अतिउजळ भाग राखाडी चमकतात आणि मधल्या छटा काळ्याच राहतात, तर गोंधळ रेंजचा आहे. व्हिडिओत काळा सहसा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो, चित्रात 0 आणि 255. हे रूपांतर राहून गेलं की काळा राखाडी दिसतो आणि पांढरा मळकट. 'पाणचट' म्हणतात ते हेच. राखाडी भाग नीट काळे होतात आणि फक्त रंगीत वस्तूच उजळतात, तर रंगांचं मॅट्रिक्स, म्हणजे व्हिडिओतल्या आकड्यांवरून रंग काढायचं गणित, चुकलं आहे. एचडी व्हिडिओ bt709 ने बांधलेला असतो आणि सॉफ्टवेअरने तो जुन्या bt601 ने उलगडला. अशा वेळी लाल थोडा काळवंडतो आणि हिरवा भडकतो. तिसरी शक्यता अशी की फक्त वस्तूंच्या कडाच दिसतात. मग रंग ठीक आहेत, चित्र एखाददुसरा पिक्सेल सरकलंय, माप बदललंय किंवा तुम्ही शेजारच्या फ्रेमवर ठेवलंय.

माझी लाल लिव्हर टबाच्या काठावर पडलेली होती, ती Difference मध्ये एकटीच उजळली. मॅट्रिक्स चुकलं होतं. फाइलमध्ये त्याची नोंद नसेल तर ते सांगून टाकावं लागतं:

```
ffmpeg -ss 00:03:12.400 -i final.mp4 -frames:v 1 -vf "scale=in_color_matrix=bt709:in_range=tv:out_range=pc" frame.png
```

फोनने एचडीआरमध्ये चित्रण केलं असेल तर मात्र ही ओळ पुरणार नाही. ती फ्रेम सरळ काढली तर सगळीच निस्तेज येते. एडिटरमध्ये प्रोजेक्ट साध्या रंगांचा, म्हणजे Rec.709 चा करून क्लिप त्यात बसवा आणि तिथून स्टिल काढा.

"थंबनेलचे रंग मी नंतर वाढवणारच आहे, मग एवढी काटेकोरी कशाला?" असं कोणी विचारेल. नुसत्या थंबनेलपुरतं खरंच चालून जातं. हीच फ्रेम टायटल कार्डात, म्हणजे सुरुवातीला व्हिडिओचं नाव दाखवतो त्या चित्रात, वापरायची असेल तर नाही चालत, आणि तिकडेच मला यायचं आहे.

कापणं आणि अक्षरं

1920 रुंदीच्या फ्रेममधून 1280 रुंदीचा तुकडा कापला तर तो थंबनेलच्या मापाला जसाच्या तसा बसतो. दीडपट झूम, इतकीच मुभा. त्याहून जवळ गेलात की चित्र ताणलं जातं आणि मऊ पडतं. 4K चित्रण असेल तर तीनपट जवळ जाता येतं. मला ट्यूबचं भोक आणखी जवळून हवं होतं, पण दीडपटीवर थांबलो आणि उरलेला परिणाम बुडबुड्यांमागचं पाणी थोडं गडद करून साधला.

आता अक्षरं. थंबनेल 160 पिक्सेल रुंदीला आकसून पाहा, म्हणजे एक-अष्टमांश. यादीत ते साधारण तेवढंच दिसतं. 1280 च्या चित्रात शिरोरेषेपासून पायापर्यंत 110 पिक्सेल उंच असलेलं अक्षर तिथे जेमतेम 14 पिक्सेल उरतं. देवनागरीत त्याच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणजे ओळीची खरी उंची दीडपट धरा. मी आधी 'हवा कुठून जाते?' असं सर्वांत जाड वजनात लिहिलं होतं. लहान झाल्यावर 'ठ'चं पोट बुजलं आणि दोन्ही उकार शेंगदाण्यांसारखे दिसायला लागले. एक पायरी कमी जाडीचं वजन घेतल्यावर वाचता आलं. जास्त जाड म्हणजे जास्त ठळक हे रोमन मोठ्या अक्षरांबाबत बरंचसं खरं असेल, आपल्या लिपीत त्याला लवकर मर्यादा येते.

अक्षरांना बाह्यरेषा दिली की शिरोरेषेत जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे बारीक उभ्या चिरा दिसतात, ही तक्रारही नेहमीची. कारण रेषा प्रत्येक अक्षराला स्वतंत्रपणे लागते. उपाय सोपा आहे. रेषा भरावाच्या मागे पाठवा. इंकस्केपमध्ये Stroke style खाली Order असतो, तिथे रेषा खाली आणि भराव वर ठेवा. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलचा Stroke वापरून Position ला Outside द्या, तो अख्ख्या लेयरला एकदमच लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसत असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील तर फाँट बदलत बसू नका, दोष बहुधा अक्षरजुळणीच्या इंजिनाचा असतो. अडोबीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन सेटिंगमधून निवडावं लागतं.

उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं. माझा प्रश्नचिन्हाचा टिंब पहिल्यांदा त्याच्याखालीच गेला होता.

टायटल कार्ड: क्लिक झाल्यावर लोक का पळतात

थंबनेल जमलं आणि तरी व्हिडिओ चालत नाही, तर यूट्यूब स्टुडिओतले दोन आकडे वेगवेगळे बघा. क्लिकचं प्रमाणच कमी असेल तर थंबनेल किंवा शीर्षक बघायचं. क्लिक बरे आहेत, पण प्रेक्षक टिकण्याचा आलेख पहिल्या काही सेकंदांत कड्यासारखा कोसळतो, तर थंबनेलला हात लावू नका, सुरुवात बघा. थोडी घसरण सगळ्याच व्हिडिओंत असते. कडा आणि उतार यांत फरक करायला शिकावं लागतं.

माझ्या व्हिडिओत कडाच होता. काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत नाव, संगीत, 7 सेकंद. बुडबुडे बघून आलेल्या माणसाला काळा पडदा दिसतो, तेव्हा आपण भलतीकडे आलो असं त्याला वाटणारच. शिवाय ती लाल अक्षरं व्हिडिओत कडेला ओघळल्यासारखी दिसत होती. त्याचं कारण असं की नेहमीच्या 4:2:0 व्हिडिओत उजेडाची माहिती 1920×1080 असते, पण रंगाची फक्त 960×540. काळ्यावरच्या लालची कड बरीचशी रंगावरच उभी असते, म्हणून ती फिसकटते. पांढरं किंवा फिकट पिवळं अक्षर उजेडावर उभं असतं, ते नीट राहतं.

नवं कार्ड थंबनेलच्याच फ्रेममधून केलं. सुरुवातीला 3:10 पासूनचा बुडबुड्यांचा शॉट सुमारे अडीच सेकंद चालतो, थंबनेलच्या फ्रेमवर येऊन थांबतो, थंबनेलच्याच जागी, त्याच फाँटमध्ये नाव येतं, आणि तीन सेकंदांनी, म्हणजे 75 फ्रेम्सनंतर, मुख्य व्हिडिओ सुरू होतो. तीन सेकंद का? नाव घाई न करता मनात दोनदा वाचून पाहिलं, तेवढा वेळ. तुमचं नाव लांब असेल तर वेळ वाढवू नका, नाव छाटा.

इथे तो रंगांचा काटेकोरपणा कामाला येतो. चालता शॉट थांबून PNG सुरू होते त्या क्षणी रंगात किंचितही फरक असला तर चित्र 'टचकन' उडाल्यासारखं दिसतं. थंबनेलसाठी भडक केलेली प्रत इथे लावू नका, Difference मध्ये काळी झालेलीच लावा. किंवा सरळ एडिटरचा फ्रीझ फ्रेम वापरा, मग हा प्रश्नच येत नाही.

फ्रीझ केल्यावर आणखी एक गोष्ट खटकते. मंद उजेडातल्या शॉटमध्ये बारीक दाणे सतत वळवळत असतात, फ्रेम थांबली की ते एकदम गोठतात आणि चित्र मेल्यासारखं वाटतं. थांबलेल्या 75 फ्रेम्समध्ये माप 100 वरून 104 टक्क्यांपर्यंत हळू वाढवलं आणि वर अगदी हलका ग्रेन टाकला, की ते लपतं. ग्रेनचा जास्तीचा फायदा म्हणजे अक्षरांमागे गडद केलेल्या पाण्यात पट्टे पडत नाहीत.

अपलोड होऊन गेलेल्या व्हिडिओचं थंबनेल केव्हाही बदलता येतं, कार्ड मात्र बदलता येत नाही. जुन्या व्हिडिओंत मी इतकंच केलं: स्टुडिओच्या एडिटरमध्ये Trim घेऊन काळा पडदा कापून टाकला आणि सुरुवात ज्या शॉटवर आली त्याच शॉटमधली फ्रेम थंबनेलला लावली. पत्ता तोच राहतो, व्ह्यूज आणि कमेंट्सही राहतात. एका व्हिडिओत संगीत पडद्यावरून पुढच्या शॉटवर ओघळलेलं होतं, तिथे कापल्यावर ते मध्येच सुरू होतं. तो एक व्हिडिओ तसाच ठेवला आहे.